बँक पडताळणीची छोटी जमा फसली आणि पहिलं पेआउट अडकलं? पैसे कुठे थांबले ते आधी शोधा

मार्केटप्लेसवर दुकान उघडलं, विक्री सुरू झाली, डॅशबोर्डवर शिल्लक दिसते आहे आणि पेआउटच्या जागी मात्र ‘बँक खात्याची पडताळणी अयशस्वी’ असा लाल मजकूर. अशा वेळी बहुतेक विक्रेते खातं काढून पुन्हा जोडतात. तेही फसलं की पुन्हा एकदा. बऱ्याच प्रकरणांत खोळंबा वाढतो तो या दुसऱ्या-तिसऱ्या जोडणीमुळेच, मूळ चुकीमुळे नव्हे. म्हणून पहिला नियम: चाचणीची रक्कम नेमकी कुठे थांबली हे कळेपर्यंत खात्याच्या तपशिलाला हात लावू नका. शिल्लक कुठे जात नाही. पडताळणी होईपर्यंत ती सहसा मार्केटप्लेसच्या खतावणीत तुमच्या नावावर साठत राहते.

आधी चाचणी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा

छोट्या जमेची पडताळणी दोन तऱ्हांनी होते आणि दोन्हींची दुखणी वेगळी आहेत.

पहिल्या तऱ्हेत खात्यात दोन किरकोळ रकमा येतात, चलनाच्या एका एककापेक्षा कमी, उदाहरणार्थ ०.१४ आणि ०.३७. त्या तुम्ही स्टेटमेंटमध्ये पाहून मार्केटप्लेसच्या पानावर भरायच्या. तुम्हाला त्या दिसल्या म्हणजे खातं तुमच्या ताब्यात आहे, असं मानलं जातं. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवणाऱ्या अमेरिकेच्या एसीएच यंत्रणेवर हीच पद्धत रुळलेली आहे. अनेकदा या दोन रकमांची बेरीज त्याच दिवशी परत काढूनही घेतली जाते, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये दोन जमा आणि एक नावे अशा तीन ओळी दिसतात.

दुसऱ्या तऱ्हेत एकच नगण्य रक्कम पाठवली जाते आणि ती पोचल्याच्या उत्तरासोबत बँक खातेदाराचं नाव परत कळवते. भारतात आयएमपीएसवरून होणारी ‘पेनी ड्रॉप’ पडताळणी ही अशी. इथे तुम्ही काहीच भरायचं नसतं. बँकेने सांगितलेलं नाव आणि तुमच्या सेलर प्रोफाइलवरचं नाव मार्केटप्लेसची यंत्रणा ताडून पाहते. ब्रिटनमध्ये आणि ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत नाव ताडण्याचं काम पैसे न पाठवताही होतं, पण नाव न जुळण्याची कारणं तीच राहतात.

कोणती तऱ्हा आहे हे ओळखणं सोपं आहे. पानावर रकमा भरायला दोन रकाने असतील तर पहिली. काही मिनिटांत आपोआप ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’ आलं तर दुसरी.

पैसे थांबू शकतील अशा चार जागा

रक्कम निघालीच नाही. निघाली पण बँकेने परत पाठवली. कुठल्यातरी खात्यात जमा झाली पण तुम्हाला दिसत नाही. किंवा दिसते आहे पण जुळत नाही. प्रत्येक अडलेली पडताळणी या चारांपैकी एका जागी असते, आणि एका जागेचा उपाय दुसऱ्या जागी नुकसान करतो.

‘निघालीच नाही’ हे सर्वांत निरुपद्रवी. एसीएचसारख्या यंत्रणा दिवसातल्या ठरावीक वेळांना गठ्ठ्याने व्यवहार पाठवतात. संध्याकाळी उशिरा खातं जोडलं तर तुमचा व्यवहार दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात जातो, आणि मध्ये शनिवार-रविवार किंवा बँकेची सुट्टी आली तर ते दिवस मोजलेच जात नाहीत. मार्केटप्लेसने लिहिलेले ‘२ ते ३ दिवस’ हे कामकाजाचे दिवस असतात. गुरुवारी रात्री जोडलेलं खातं आणि सोमवारी दिसलेली जमा हा बिघाड नव्हे, वेळापत्रक आहे. आयएमपीएस मात्र चोवीस तास चालतं. तिथे रात्री दोनला फसलेल्या पडताळणीचं कारण बहुधा समोरच्या बँकेचा सर्व्हर बंद असणं किंवा उत्तराला उशीर होणं हे असतं. अशा वेळी तपशील न बदलता काही तासांनी पुन्हा प्रयत्न करणं रास्त आहे. एकच अट: पहिल्या प्रयत्नाची रक्कम खात्यात आली आहे का ते आधी पाहा. आली असेल तर क्रमांक बरोबर आहे, आणि उत्तर वेळेत न मिळाल्यामुळे किंवा नाव न जुळल्यामुळे यंत्रणेने ‘अयशस्वी’ लिहिलं आहे.

बँकेने परत पाठवली तर कारण लिहिलेलं असतं

परत आलेल्या व्यवहारासोबत कारणाचा कोड येतो. मार्केटप्लेस तो तुम्हाला क्वचितच दाखवतं, पण सपोर्टकडच्या पडद्यावर तो असतो, म्हणून तो मागायचा. एसीएचमध्ये कामाला येतील असे काही:

```
R02  खातं बंद झालेलं आहे
R03  या क्रमांकाचं खातं सापडत नाही
R04  खाते क्रमांकाची रचनाच चुकीची
R16  खातं गोठवलेलं आहे
R20  या खात्यावर असे व्यवहार चालत नाहीत
R29  कंपनी खातेदाराने नावे व्यवहार नाकारला
```

साधारणपणे असं परत येणं व्यवहार पोचल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत घडतं. म्हणजे पाठवल्यानंतर आठवडा उलटला आणि परत आल्याची नोंद नाही, तर रक्कम परत आलेली नाही असं धरून चाला. ती कुठेतरी जमा झाली आहे. पुढच्या भागाच्या दृष्टीने ही खूण महत्त्वाची आहे.

R03 आणि R04 चं मूळ जवळजवळ नेहमी क्रमांक कुठून उतरवला यात सापडतं. डेबिट कार्डावरचा क्रमांक हा खाते क्रमांक नव्हे, तरी तो भरणारे पुष्कळ. चेकच्या तळाशी छापलेल्या ओळीत बँकेचा कोड, खाते क्रमांक आणि चेक क्रमांक शेजारी-शेजारी असतात आणि त्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो, म्हणून चेक क्रमांकही खाते क्रमांकाला चिकटून उतरवला जातो. अमेरिकेत राउटिंग क्रमांक म्हणजे बँक ओळखण्याचा क्रमांक; पैसे भरायच्या स्लिपवर छापलेला हा क्रमांक कधीकधी बँकेच्या अंतर्गत वापराचा असतो, आणि वायरसाठीचा राउटिंग क्रमांक एसीएचच्या क्रमांकाहून वेगळा असू शकतो. सभासदांच्या पतसंस्थांत सभासद क्रमांक वेगळा आणि खाते क्रमांक वेगळा. आणि क्रमांक स्प्रेडशीटमध्ये साठवून तिथून चिकटवला असेल तर सुरुवातीची शून्यं गळालेली असतात, तसंच पंधरा अंकांपुढचे अंक शून्य झालेले असतात. नेट बँकिंगच्या खाते तपशिलाच्या पानावरून थेट उतरवलेला क्रमांक हाच एक भरवशाचा.

भारतात बँक विलीन झाली असेल तर जुना आयएफएससी हे वेगळं कारण. अकरा अक्षरांच्या या कोडची पहिली चार अक्षरं बँकेची असतात, पाचवं शून्य आणि उरलेली सहा शाखेची. २०१९ आणि २०२० मध्ये विलीन झालेल्या सरकारी बँकांचे जुने कोड पुढे बंद करण्यात आले, पण जुन्या चेकबुकांवर आणि पासबुकांवर ते तसेच छापलेले आहेत. खाते क्रमांक बरोबर आणि कोड मेलेला, असं झालं की पडताळणी कितीदाही करा, फसणारच.

R20 येतो तो बचतीच्या किंवा गुंतवणुकीच्या अशा खात्यांवर, ज्यांवर बाहेरून व्यवहार घ्यायची मुभाच नसते. इथे क्रमांक तपासण्यात वेळ घालवू नका; खातं बदलावं लागेल. भारतात अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्याचंही तसंच आहे. देशातल्या विक्रीचे पैसे तिथे जमा करता येत नाहीत, त्यासाठी एनआरओ खातं लागतं.

R29 जरा फसवा आहे. व्यवसायाच्या खात्यांवर बऱ्याच बँका ‘बाहेरून कोणी पैसे काढू नयेत’ असा अडसर लावून देतात. अशा खात्यात दोन जमा व्यवस्थित येतात, तुम्हाला दिसतातही, पण बेरीज परत काढण्याचा व्यवहार अडसराला लागून परत फिरतो, आणि काही मार्केटप्लेस तेवढ्यावरून संपूर्ण पडताळणी नापास ठरवतात. विक्रेता मात्र ‘रकमा तर आल्या, मी बरोबर भरल्या’ म्हणून चक्रावतो. उपाय बँकेत आहे: मार्केटप्लेसचा किंवा त्याच्या पेमेंट कंपनीचा ओळख क्रमांक सपोर्टकडून घेऊन तो बँकेच्या परवानगीच्या यादीत घालून घ्यायचा आणि त्यानंतरच नवी चाचणी मागवायची. अडसर पूर्णपणे काढून टाकायला सांगणारे सल्ले ऐकू नका. तो तुमच्याच पैशांच्या राखणीसाठी आहे.

परतही आली नाही आणि दिसतही नाही

चारांतली ही सर्वांत गंभीर जागा. रक्कम कुठेतरी जमा आहे आणि ती तुमच्या नजरेसमोर नाही. आधी निरुपद्रवी शक्यता संपवा. बँकेचं मोबाइल अॅप कधीकधी अगदी छोटे व्यवहार एकत्र करून दाखवतं किंवा ठरावीक रकमेखालच्या व्यवहारांची सूचना पाठवत नाही. म्हणून सूचनेवर विसंबू नका, पूर्ण स्टेटमेंट उघडा. एकाच ग्राहकाची दोन-तीन खाती असतील तर प्रत्येक पाहा. पाठवणाऱ्याच्या जागी मार्केटप्लेसचं नाव असेलच असं नाही, तिथे बऱ्याचदा त्याच्या पेमेंट कंपनीचं नाव असतं. अमेरिकेत २०२२ पासूनच्या नियमानुसार अशा चाचणी व्यवहारांच्या वर्णनात `ACCTVERIFY` हा शब्द असावाच लागतो. स्टेटमेंटमध्ये तोच शोधणं सर्वांत सोपं.

हे सगळं पाहूनही काही सापडलं नाही, तर क्रमांकातला एखादा अंक चुकून तो दुसऱ्याच कोणाचं खरं खातं ठरला, ही शक्यता धरावी लागते. आयबॅन हा आंतरराष्ट्रीय साच्यातला खाते क्रमांक वापरणाऱ्या देशांत हे सहसा घडत नाही, कारण आयबॅनमध्ये दोन पडताळा अंक असतात आणि एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे पडले तर फॉर्मच तो नाकारतो. अमेरिकेच्या नऊ अंकी राउटिंग क्रमांकालाही पडताळा अंक आहे, पण तो फक्त बँकेचा क्रमांक नीट उतरवला आहे एवढंच सांगतो, पुढच्या खाते क्रमांकाविषयी काहीच नाही. भारतातही बँकागणिक खाते क्रमांकाची लांबी आणि घडण वेगळी, त्यामुळे फॉर्मला चूक पकडायला जागा कमी. म्हणूनच असे फॉर्म क्रमांक दोनदा भरायला लावतात, आणि दुसऱ्या रकान्यात पहिल्याची नक्कल चिकटवणाऱ्याला त्याचा काही उपयोग होत नाही.

अशा वेळी जुनं खातं ताबडतोब काढून टाका. थांबण्याच्या नियमाला हा एकमेव अपवाद. रकमा भरायच्या पद्धतीत अनोळखी माणूस मार्केटप्लेसच्या पानावर त्या भरू शकत नाही, म्हणून पेआउट तिकडे जाण्याचा धोका कमी. पण काही मार्केटप्लेस पडताळणी बाकी असतानाही पहिलं पेआउट ठरल्या दिवशी सोडतात, आणि ते भलत्या खात्यात गेलं तर परत मिळवणं हे समोरच्या खातेदाराच्या संमतीवर येऊन ठेपतं.

दिसते पण जुळत नाही

सर्वाधिक प्रकरणं इथली असतात. एक प्रकरण तारखांसकट पाहू, कारण गोंधळ तारखांतच आहे.

समजा पेआउट दर शुक्रवारी निघतं. विक्रेत्याने गुरुवारी संध्याकाळी उशिरा खातं जोडलं. त्या दिवसाचा शेवटचा गठ्ठा निघून गेला होता, म्हणून ०.१४ आणि ०.३७ या रकमा शुक्रवारी निघाल्या आणि सोमवारी पोचणार होत्या. शनिवारी खात्यात काहीच नाही असं पाहून त्याने खातं काढलं आणि तेच पुन्हा जोडलं. त्यासरशी यंत्रणेने पहिली जोडी रद्द मानली आणि ०.२२ व ०.०९ ही नवी जोडी तयार केली, जी सोमवारी निघून मंगळवारी पोचणार. सोमवारी सकाळी स्टेटमेंटमध्ये ०.१४ आणि ०.३७ दिसल्या. त्याने आनंदाने त्या भरल्या. चूक. पुन्हा क्रम उलटा करून भरल्या. चूक. मंगळवारी आणखी दोन रकमा आल्या. आता चार आकडे समोर, आणि परत काढून घेतलेले ०.५१ व ०.३१ वेगळेच. त्याने एक जुनी आणि एक नवी अशी सरमिसळ करून भरली. या मार्केटप्लेसवर तीनच संधी होत्या. खातं कुलूपबंद झालं, प्रकरण कागदपत्रं तपासणाऱ्या माणसाकडे गेलं आणि शुक्रवार हुकला.

शनिवारी त्याने काहीच केलं नसतं तर सोमवारी पहिल्याच झटक्यात काम झालं असतं. शनिवारची चूक झाल्यावरही वाट होती. मार्केटप्लेसकडून या रकमांबाबत आलेल्या शेवटच्या ईमेलची तारीख पाहायची आणि त्या तारखेनंतर निघालेलीच जोडी भरायची. एकदा पुन्हा जोडल्यावर आधीची जोडी कितीही नीट दिसली तरी तिचा उपयोग शून्य. स्टेटमेंटमध्ये दोन जोड्या दिसत असतील तर नंतरची भरा. आणि नंतरची अजून आली नसेल तर हातातली संधी वाया घालवू नका, थांबा.

न जुळण्याची बाकीची कारणं किरकोळ आहेत पण नेमाने भेटतात. रकान्यात ०.३७ अपेक्षित असताना ३७ भरलं जातं, किंवा रकान्यापुढे दशांश चिन्ह आधीच छापलेलं असताना ०.३७ भरलं जातं. दोन्ही बाजूंनी घात. स्टेटमेंटमध्ये दोन जमांऐवजी एकच ०.५१ दिसत असेल तर बँकेने त्या एकत्र केल्या आहेत किंवा ती परत काढून घेतलेली ओळ आहे. पहिल्या स्थितीत अंदाजाने फोड करू नका, बँकेकडून तपशीलवार नोंद मागा. खातं वेगळ्या चलनात असेल तर रक्कम रूपांतरित होऊन पोचते आणि मूळ आकडा कधीच दिसत नाही. तिथे ही पद्धत चालतच नाही, कागदपत्रांचा मार्ग मागावा लागतो. शिवाय त्याच दिवसांत एखादं वॉलेट किंवा हिशेबाचं अॅप जोडलं असेल तर त्याच्याही अशाच दोन रकमा येऊन बसतात, म्हणून पाठवणाऱ्याचं नाव वाचूनच भरा.

इथेच एक सावधगिरी. या रकमा म्हणजे खात्याच्या मालकीचा पुरावा आहेत. फोनवर, चॅटवर कोणी ‘तुमच्या खात्यात आलेल्या दोन रकमा सांगा’ म्हणत असेल, तर तो तुमचं खातं स्वतःच्या प्रोफाइलला जोडतो आहे. तुम्ही कुठेच खातं जोडलं नसताना अशा रकमा आल्या तर बँकेला कळवा.

नाव न जुळणं

दुसऱ्या तऱ्हेच्या पडताळणीत पैसे पोचतात, क्रमांक बरोबर असतो, तरीही निकाल ‘अयशस्वी’. कारण नाव. बँक जे नाव परत पाठवते ते पासबुकावरचं किंवा अॅपमध्ये दिसणारं नसून बँकेच्या मूळ नोंदीतलं असतं. त्यात आडनाव आधी असू शकतं, मधल्या नावाचं एकच अक्षर असू शकतं, लांब नाव शेवटी तुटलेलं असू शकतं. संयुक्त खात्यात बहुधा पहिल्या खातेदाराचंच नाव परत येतं, मग दुसऱ्या खातेदाराने स्वतःच्या नावाने दुकान उघडलं असेल तर ते कधीच जुळणार नाही. लग्नानंतर बदललेलं नाव एका ठिकाणी नवं आणि दुसऱ्या ठिकाणी जुनं, हेही नेहमीचं.

ताडणारी यंत्रणा थोडाफार फरक सोसते. नावाचा क्रम, टिंब, लहान-मोठी अक्षरं यांवरून सहसा अडत नाही. अडतं ते एखादं पूर्ण नाव गायब असलं तर, किंवा व्यक्तीचं नाव आणि दुकानाचं नाव आमनेसामने आले तर. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायात हे हमखास होतं. चालू खातं दुकानाच्या नावाने, सेलर प्रोफाइल मालकाच्या नावाने.

कोणतं नाव बदलायचं हे ठरवायला तिसरा कागद आणा: करनोंदणीचा. करनोंदणी, सेलर प्रोफाइल आणि बँक या तीन ठिकाणांपैकी दोन जुळतात आणि एक वेगळं असतं. वेगळं असेल ते बदला. प्रोफाइल वेगळं असेल तर ते काही मिनिटांचं काम, पण लक्षात ठेवा की प्रोफाइलवर दुकानाचं दर्शनी नाव आणि कायदेशीर नाव असे दोन रकाने असतात. ग्राहकाला दिसणारं नाव बदलून काही होत नाही. बँकेतलं नाव वेगळं असेल तर शाखेत ओळखीच्या कागदांसह अर्ज द्यावा लागतो, आणि बदल नोंदीत उतरल्यावरच पुन्हा पडताळणी मागवायची. अर्ज दिला त्याच दिवशी मागवली तर जुनंच नाव परत येईल आणि एक प्रयत्न फुकट जाईल.

काही छोट्या बँकांकडून नावच परत येत नाही, किंवा नावाच्या जागी काहीतरी अर्थहीन अक्षरं येतात. त्यात तुमची चूक काही नाही आणि पुन्हा प्रयत्न करूनही फरक पडणार नाही. सरळ कागदपत्रांच्या तपासणीची मागणी करा.

सपोर्टला काय लिहायचं

‘माझी पडताळणी होत नाही, कृपया मदत करा’ या मजकुराला ठरावीक साच्यातलं उत्तर येतं: खातं काढून पुन्हा जोडा. ते टाळायचं असेल तर असं विचारा की उत्तर देणाऱ्याला नोंद उघडावीच लागेल.

```
खाते क्रमांकाचे शेवटचे ४ अंक:
खातं जोडल्याची तारीख आणि वेळ:
चाचणीची रक्कम खात्यात दिसते का: हो / नाही
(दिसत असल्यास जमा तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव)

कृपया कळवा:
१. चाचणी व्यवहार कोणत्या तारखेला पाठवला?
२. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक काय?
३. परत आला असल्यास कारणाचा कोड काय?
४. नाव न जुळल्याने अडलं आहे का?
५. किती प्रयत्न शिल्लक आहेत?
```

दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. एसीएचमध्ये हा पंधरा अंकी ट्रेस क्रमांक, आयएमपीएसमध्ये बारा अंकी आरआरएन. तो हातात असला की तुमची बँक तो व्यवहार पोचला की नाही हे निश्चित सांगू शकते. नसला तर काउंटरवरचा माणूस ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ म्हणेल आणि ते खरं की खोटं हे तुम्हाला कळणार नाही. परस्परांकडे बोट दाखवणाऱ्या दोन सपोर्ट डेस्कमधला वाद या एका क्रमांकाने मिटतो. पूर्ण खाते क्रमांक मात्र चॅटमध्ये लिहू नका, शेवटचे चार अंक पुरतात. पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘एक’ आलं तर तो एक राखून ठेवा आणि कागदपत्रांचा मार्ग धरा.

कागदपत्रं मागितली गेली तर तीही एका फेरीत पास होतील अशी द्या. खातेदाराचं नाव, पूर्ण खाते क्रमांक आणि बँकेचा कोड ही तिन्ही एकाच पानावर दिसली पाहिजेत. बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेली स्टेटमेंटची मूळ पीडीएफ उत्तम. मोबाइल अॅपचा स्क्रीनशॉट बहुधा नाकारला जातो, कारण त्यात क्रमांकाचे मधले अंक झाकलेले असतात. रद्द केलेला चेक द्यायचा तर त्यावर नाव छापलेलं हवं. नाव नसलेला चेक खातं कोणाचं हे सांगतच नाही. स्टेटमेंट ताजं द्या आणि व्यवहारांच्या ओळी झाकायच्या असतील तर आधी विचारून घ्या, कारण खाडाखोड केलेली फाइल काही ठिकाणी तशीच फेटाळली जाते.

पडताळणी झाली, तरी पैसे नाहीत

‘यशस्वी’ दिसल्यावर लगेच पैसे निघतील अशी अपेक्षा असते, पण पडताळणी हा पेआउटच्या वाटेवरचा एकच दरवाजा आहे. नव्या विक्रेत्याची रक्कम ऑर्डर पोचेपर्यंत किंवा परतीची मुदत संपेपर्यंत राखून ठेवण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती पडताळणीशी संबंधित नाही. शिवाय पडताळणी पेआउटच्या ठरल्या दिवशीच पूर्ण झाली असेल तर त्या फेरीची यादी आधीच तयार झालेली असते आणि तुमचं नाव पुढच्या फेरीत जातं.

सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे खातं बदलल्यावर लागणारी थांबण्याची मुदत. चोरलेल्या सेलर खात्यातून पैसे वळवण्याचा पहिला डाव बँक खातं बदलण्याचा असतो, म्हणून अनेक मार्केटप्लेस बँक तपशील बदलला की काही दिवस पेआउट रोखून धरतात. तेच खातं काढून पुन्हा जोडणं हाही यंत्रणेच्या लेखी बदलच, आणि प्रत्येक वेळी ती मुदत पहिल्यापासून मोजली जाते. डॅशबोर्डवर शिलकीशेजारी ‘उपलब्ध’ आणि ‘राखीव’ असे दोन आकडे असतील तर राखीव आकड्यावर क्लिक करून कारण आणि मोकळं होण्याची तारीख पाहा. तारीख दिलेली असेल तर तेवढे दिवस बँकेच्या पानावर काहीही बदलू नका, फोन क्रमांक आणि पासवर्डसुद्धा नाही, कारण काही ठिकाणी त्या बदलांनीही हीच मुदत पुन्हा सुरू होते.